दहापैकी सहा सौदे नफ्यात, तरी खातं रिकामं का होतं?

प्रश्न: सर, मी नाशिकमध्ये अंबडला कंपनीत आहे, राहायला सिडकोत. कायम सेकंड शिफ्ट असल्याने सकाळी मोकळा असतो, म्हणून तीन महिन्यांपूर्वी ६० हजार टाकून इंट्राडे सुरू केलं. ५०० च्या आसपासचा एकच शेअर, २०० नग, दिवसाला पाचेक सौदे. आतापर्यंत ३०० सौदे झाले. १८० नफ्यात, मिळून ५४,०००. १२० तोट्यात, मिळून ५१,६००. म्हणजे २,४०० प्लस हवेत, पण खात्यात ३७,६०० च उरलेत. ब्रोकरने काही गडबड केली का? इंट्राडे सोडून डिलिव्हरी करू का? मित्र म्हणतो डिलिव्हरीला चार्जेस जास्त लागतात.

उत्तर:

गडबड नाही. तुम्ही आकडे नीट लिहून ठेवलेत म्हणून हे इतक्या खात्रीने सांगता येतं. माझ्याकडे येणारे दहातले नऊ जण "बरेच सौदे नफ्यात होते" एवढंच सांगतात. मी कॅनडा कॉर्नरजवळ बरीच वर्षं सब-ब्रोकरची शाखा चालवली. हल्ली बहुतेक वेळ लोकांचे हिशोब पाहण्यात आणि रिटर्नसाठी ते जुळवण्यात जातो. ब्रोकरेजच्या वाट्यावर माझं घर चाललंय, तेव्हा पुढे जे सांगतोय ते गल्ल्याच्या मागे बसलेल्या माणसाचं आहे असं समजा.

मोबाईलवर जो हिरवा-लाल आकडा दिसतो तो बहुतेक ॲपमध्ये विक्रीच्या भावातून खरेदीचा भाव वजा केलेला असतो, बस. खर्च त्यात धरलेला नसतो. तो संध्याकाळी कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये लागतो आणि लेजरमधून वजा होतो. कॉन्ट्रॅक्ट नोट म्हणजे दिवसाच्या सौद्यांचं ब्रोकरचं बिल, ती रोज ईमेलवर येते. बहुतेकांची ती पासवर्डची पीडीएफ असते, पासवर्ड म्हणजे आपला पॅन, आणि ती कोणी उघडत नाही. आज एक उघडा आणि माझ्याबरोबर हिशोब करा.

तुमचा इंट्राडेचा एक सौदा म्हणजे २०० नग ५०० ला घेतले आणि त्याच दिवशी तिथेच आसपास विकले. खरेदी एक लाखाची, विक्री एक लाखाची, उलाढाल दोन लाखांची. तुमचा ब्रोकर ऑर्डरला ०.०३ टक्के किंवा २० रुपये, यातलं जे कमी ते घेणारा आहे असं धरतो, कारण आता बहुतेकांचा तसाच असतो. घेण्याचे २०, विकण्याचे २०, झाले ४०. विक्रीवर एसटीटी, म्हणजे सरकारचा सौद्यावरचा कर, ०.०२५ टक्के, म्हणजे २५ रुपये. एक्स्चेंजचं शुल्क लाखाला साधारण ३ रुपये, दोन्ही बाजूंचे मिळून ६. खरेदीवर मुद्रांक शुल्क ०.००३ टक्के, म्हणजे ३ रुपये. ब्रोकरेज आणि एक्स्चेंजच्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८ रुपये ३० पैसे. सेबीचं शुल्क कोटीला १० रुपये, इथे ते २० पैसे होतं. बेरीज साडेब्याऐंशी रुपयांच्या आसपास जाते.

आता याला ३०० ने गुणा. ब्रोकरेज १२,०००, एसटीटी ७,५००, जीएसटी जवळपास अडीच हजार, एक्स्चेंजचे १,८००, मुद्रांक शुल्काचे ९००, सेबीचे ६०. एकूण २४,७०० च्या वर. तुमच्या २,४०० च्या कमाईतून ते वजा करा आणि ६० हजारांतून उरलेली तूट काढा, साडेसदतीस हजारांच्या आसपास येता. तुमच्या खात्याशी ते शंभरेक रुपयांच्या फरकाने जुळतं. गेलेले २२ हजार बाजाराने खाल्ले नाहीत. बाजाराशी तुम्ही बरोबरीत सुटलात. ते वाटेतल्या नाक्यांवर गेले.

आपल्याकडच्या माणसाला हे लासलगावच्या भाषेत लवकर कळतं. समजा सकाळी बाजार समितीत शंभर क्विंटल कांदा घेतला आणि दुपारी तिथेच दुसऱ्याला विकला. भाव चढला की उतरला, हमाली आणि तोलाई मालाच्या वजनावर लागते, तुमच्या नफ्यावर नाही. महिन्यातून एकदा असा सौदा केला तर हमालीचं काही वाटत नाही. तोच कांदा दिवसातून पाचदा उचलला आणि ठेवला तर भाव जागेवर असूनही हमालच माल घेऊन जातील. शेअरचे आकारही उलाढालीवर किंवा ऑर्डरवर लागतात, नफ्यावर नाही. तुमची तीन महिन्यांची उलाढाल झाली ६ कोटी. ६० हजारवाल्या माणसाची ६ कोटी!

इथे उसनवारीचा भाग येतो. एक लाखाच्या सौद्याला तुमचे स्वतःचे २० हजारच अडकतात, कारण इंट्राडेला ब्रोकर पाचपटीपर्यंत मर्यादा देतो. साडेब्याऐंशी रुपये एक लाखावर ०.०८ टक्के वाटतात, म्हणून कोणी लक्ष देत नाही. पण तुम्ही लावलेल्या २० हजारांवर ते ०.४ टक्क्यांहून जास्त आहेत, आणि हे दर सौद्याला. तुमच्या पूर्ण ६० हजारांवर पाहिलं तर तीन महिन्यांत ४१ टक्के नुसता खर्च झाला. पाचपट मर्यादा नफा-तोटा वाढवते हे सगळ्यांना ठाऊक असतं. ती खर्चही वाढवते, आणि नफा अनिश्चित असला तरी खर्च ठरलेला आहे, हे कोणी सांगत नाही. माझ्या शाखेतही आम्ही ते सांगत नसू.

आता तुमच्या "दहापैकी सहा"बद्दल, कारण खरी गोम तिथे आहे. तुमचा नफ्याचा सौदा सरासरी ३०० चा, तोट्याचा ४३०. २०० नगांवर म्हणजे नफ्यात दीड रुपया चढल्यावर तुम्ही बाहेर पडता आणि तोट्यात सव्वादोन रुपयांच्या जवळ जाईपर्यंत थांबता. बहुतेकांचं असंच असतं. हिरवं दिसलं की हात शिवशिवतो, आणि लाल दिसलं की "येईल परत" असं वाटतं. खर्च बाजूला ठेवला तरी या मापात नुसतं बरोबरीला राहायला शंभरातले ५९ सौदे बरोबर यावे लागतात. तुमचे ६० येतात, म्हणून ते २,४०० दिसले.

खर्च धरा. ५०० चा शेअर ५००.४१ झाला की तुम्ही शून्यावर येता, कारण साडेब्याऐंशी रुपये भागिले २०० नग म्हणजे ४१ पैसे. प्रत्येक सौदा ४१ पैसे मागून सुरू होतो. मग ३०० चा नफा हातात पडतो तो २१८ चा, आणि ४३० चा तोटा होतो ५१२ चा. आता बरोबरीला शंभरातले ७० सौदे बरोबर हवेत. ५९ वरून ७० वर जाणं म्हणजे थोडी सुधारणा नाही, वेगळाच माणूस व्हावं लागतं. मी इतकी वर्षं टर्मिनलसमोर बसलो. दीड-दोन रुपयांच्या हालचालीवर वर्षभर सत्तर टक्के बरोबर येणारा माणूस मी पाहिलेला नाही. काही आठवडे येणारे पुष्कळ पाहिले, आणि तेच पुढे नग वाढवतात.

या खर्चात न दिसणारा एक पदर अजून आहे, तो कॉन्ट्रॅक्ट नोटमध्येही सापडत नाही. शेअरवर बोट ठेवून पाच-पाच भावांची यादी उघडा. समजा घेणाऱ्यांत सगळ्यात वर ४९९.९० आहे आणि विकणाऱ्यांत ५००.१०. मार्केट ऑर्डर टाकून घेतलात तर ५००.१० ला मिळतो, त्याच क्षणी विकलात तर ४९९.९० ला जातो. शेअर हलला नाही आणि २०० नगांवर ४० रुपये गेले. मोठ्या कंपन्यांत हे अंतर पाच-दहा पैशांचं असतं, मधल्या फळीतल्या शेअरमध्ये ते सहज वाढतं. सकाळी सव्वानऊला पहिल्या काही मिनिटांत आणि स्टॉपलॉस, म्हणजे ठरलेल्या भावाला तोटा कापणारी ऑर्डर, लागताना आणखी वाढतं, कारण त्या वेळी तुमच्यासारखेच सगळे एका दाराने बाहेर पडत असतात. तुमच्या ३०० आणि ४३० मध्ये हे आधीच मुरलेलं आहे. तोट्याचा आकडा मोठा दिसण्याचं एक कारण कदाचित हेच असेल. तपासायला सोपं आहे: स्टॉपलॉस कितीला लावला होता आणि कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये सौदा कितीला पडला, हे वीस सौद्यांसाठी शेजारी-शेजारी लिहा.

तुमच्या एकट्याची ही गोष्ट नाही. सेबीने जुलै २०२४ मध्ये रोख बाजारातल्या इंट्राडेचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०२२-२३ या आर्थिक वर्षात इंट्राडे करणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकी सात तोट्यात होत्या. वर्षात ५०० हून जास्त सौदे करणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ८० टक्के होतं, आणि तुमचा वेग वर्षाला १,२०० चा आहे. मला त्यातली दुसरी ओळ जास्त बोलकी वाटते. जे तोट्यात होते त्यांनी सौद्यांतल्या तोट्याच्या वर आणखी ५७ टक्के रक्कम खर्चापोटी दिली. म्हणजे बाजारात १०० गमावले असतील तर खिशातून १५७ गेले. सराव वाढला की हात बसतो हे सायकलला लागू आहे. इथे सौदे वाढले की आधी उलाढाल वाढते.

आता तुमच्या मित्राचं म्हणणं. तो चुकत नाहीये. एका सौद्यापुरतं पाहिलं तर डिलिव्हरी महागच आहे. एक लाखाचे शेअर घेऊन महिन्याने विकले तर एसटीटी दोन्ही बाजूंना ०.१ टक्का, म्हणजे २०० रुपये. इंट्राडेला तो २५ होता. मुद्रांक शुल्क १५, एक्स्चेंज आणि जीएसटीचे सात, विकताना डीमॅटमधून शेअर काढण्याचे डीपी चार्जेस १५-२० रुपये. ब्रोकरेज शून्य धरलं तरी २४० च्या आसपास जातं, इंट्राडेच्या जवळपास तिप्पट. बँकेच्या ब्रोकरकडे खातं असेल तर टक्क्याने ब्रोकरेज लागून ते आणखी वाढतं. आमच्या काळात भाषा अशी होती: इंट्राडेला तीन पैसे, डिलिव्हरीला तीस पैसे, म्हणजे शंभर रुपयांमागे. गिऱ्हाईक आपणहून म्हणायचं, "तीन पैसेवालाच करू, स्वस्त आहे." आणि त्या तीन पैशांनीच शाखेचं भाडं निघायचं. डिलिव्हरीवाला वर्षातून चारदा यायचा, चहा पिऊन जायचा.

स्वस्त-महाग एका सौद्यावर मोजायचं नसतं, भांडवल वर्षात किती वेळा फिरवता त्यावर मोजायचं असतं. तुमच्या ६० हजारांचे शेअर घेऊन दोन वर्षं ठेवले आणि विकले, तर जाता-येता मिळून दीडशे रुपये जातील. डीमॅटचा वार्षिक आकार काही शे रुपये वेगळा धरा. दोन वर्षांचे दीडशे आणि तीन महिन्यांचे २४,७००, हे समोरासमोर ठेवा.

दुसरा फरक खर्चाचा नाही, वेळेचा आहे. सव्वानऊ ते साडेतीन या सव्वासहा तासांत कंपनी काही कमावून तुमच्या हाती देत नाही. तुम्ही दीड रुपया कमावलात तर तो बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी खिशातून येतो, आणि दोघांच्या खिशातून नाकेवाला आपलं घेतो. शेअर वर्षानुवर्षं ठेवला तर कंपनीचा वाढता धंदा, लाभांश हे तुमच्या बाजूने काम करायला वेळ मिळतो. मिळेलच असं नाही. डिलिव्हरीत घेऊन निम्म्यावर आलेले शेअर मीही सांभाळलेत, आणि ५०० चा शेअर चुकीच्या भावाला घेतला तर तो ठेवल्याने बरोबर होत नाही. फरक इतकाच की तिथे खर्च ही तुमच्या विरोधातली मुख्य गोष्ट नसते.

तेव्हा "इंट्राडे सोडून डिलिव्हरी करू का" याचं उत्तर हो, पण एका अटीवर. तीन वाजता अडकलेला सौदा डिलिव्हरीत बदलणं म्हणजे डिलिव्हरी नव्हे. ही आपल्याकडची फार जुनी सवय आहे. सकाळी दीड रुपयासाठी घेतलेला शेअर पाच रुपये पडला, तोटा मान्य करवत नाही, सव्वातीनच्या आसपास ब्रोकर आपोआप सौदा कापेल म्हणून घाईघाईने "कन्व्हर्ट" करायचा. त्याला पूर्ण पैसे लागतात. तुमच्याकडे एक लाख नाहीत, मग ॲप उसन्या पैशाचा पर्याय दाखवतं, त्यावर रोजचं व्याज. असा शेअर तुम्ही निवडलेला नसतो, तो गळ्यात पडलेला असतो. मी २००६ मध्ये स्वतःच्या खात्यात हेच केलं होतं. दिवाळीला हिशोब काढला तेव्हा डीमॅटमध्ये सात कंपन्या होत्या आणि त्यातली एकही मी विचार करून घेतलेली नव्हती. इंट्राडेचा दिसणारा नफा प्लसमध्ये होता, कारण तोटे सगळे "गुंतवणूक" म्हणून तिकडे ढकललेले.

नोकरदाराच्या दृष्टीने कराचंही पाहून ठेवा. इंट्राडेचा नफा-तोटा हा सट्ट्याच्या धंद्याचा समजला जातो. नफा झाला तर पगारात मिळवून तुमच्या स्लॅबने कर लागतो. तोटा मात्र पगारातून वजा होत नाही आणि शेअरच्या डिलिव्हरी नफ्यातूनही होत नाही. तो पुढच्या चार वर्षांत फक्त सट्ट्याच्या नफ्यातूनच वजा करता येतो, तेही रिटर्न मुदतीत भरलं असेल तरच. कंपनीतले सगळे जो सोपा आयटीआर-१ भरतात तो तुम्हाला चालणार नाही, आयटीआर-३ लागेल. खर्चासकट तुमचा तोटा २२ हजारांच्या वर आहे, तो त्यात दाखवा. डिलिव्हरीत बारा महिन्यांनंतर विकलं तर वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही, त्यापुढे साडेबारा टक्के. बारा महिन्यांच्या आत विकलं तर २० टक्के.

काही गोष्टी मात्र माणसागणिक बदलतात. ऑर्डरला २० रुपयांची कमाल असल्यामुळे पाच लाखांचा एक सौदा करणाऱ्याला खर्च लाखाला ४५ रुपयांच्या आसपास पडतो, तुमच्या जवळपास निम्मा. उलट, २० हजारांचे लहान सौदे करणाऱ्याला तोच लाखाला शंभरीपार जातो, कारण तिथे ०.०३ टक्के लागतात. पण मोठा सौदा हा उपाय म्हणून वाचू नका. त्यात एसटीटी कमी होत नाही, घेणाऱ्या-विकणाऱ्यातलं अंतर वाढतं, आणि ६० हजारांवर पाच लाखांचा सौदा बसतही नाही. वर्षअखेर इंट्राडेत खर्चासकट नफ्यात असलेले मोजके लोक माझ्या पाहण्यात आहेत. पंचवटीतले एक गृहस्थ महिन्याला चार-पाच सौदेच करतात आणि दोन-अडीच टक्क्यांच्या हालचालीशिवाय हात लावत नाहीत. त्यांचा खर्चही सौद्याला तेवढाच, पण अडीच हजारांच्या नफ्यातून ८२ जाणं आणि ३०० मधून ८२ जाणं यात फरक आहे. त्यांचं बरेच दिवस काही न करणं मला जमलेलं नाही. तुम्हाला जमेल का, ते तुम्ही ठरवा.

मी तुमच्या जागी असतो तर उरलेल्या ३७,६०० पैकी ३५ हजार आजच बँकेत परत घेतले असते. पाचपट मर्यादा खात्यातल्या शिलकीवर मिळते, शिलक काढली की हात आपोआप आखडतो. डिलिव्हरीचं नंतर सावकाश बघू, तिथे घाई नाही. इंट्राडे शिकायचंच असेल तर तोच शेअर घ्या, पण २०० ऐवजी १० नग. पाच हजारांच्या सौद्याला टक्क्याने ब्रोकरेज लागून एकूण खर्च पाच-सहा रुपये येतो. फक्त तुमच्या ब्रोकरची किमान ब्रोकरेजची अट नाही ना, ते आधी बघा. असे शंभर सौदे करा, साडेपाचशे रुपयांच्या आसपास फी पडेल. वहीत मात्र ॲपवरचा हिरवा आकडा लिहायचा नाही. रोज रात्री कॉन्ट्रॅक्ट नोटमधली अगदी शेवटची, सगळं वजा जाऊन येणं-देणं दाखवणारी रक्कम लिहायची. शंभरावा सौदा झाला की त्या एका रकान्याची बेरीज इथे टाका, पुढचं त्यावर बोलू.